दोन उकली एकमेकींपासून किती वेगाने दुरावतात? ग्रोनवॉलची असमानता वापरायची कशी

अवकल समीकरणात जी सुरुवातीची किंमत घालतो, ती बहुतेक वेळा कुठून तरी मोजून आणलेली असते आणि मोजमापात थोडी चूक राहतेच. खरी किंमत ०.०११ असताना आपण ०.०१ धरून गणित केलं, तर काही वेळाने आपलं उत्तर खऱ्या उत्तरापासून किती लांब गेलेलं असेल? समीकरण सोडवता येत नसतानाही या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येतं, आणि ते देणारं साधन म्हणजे ग्रोनवॉलची असमानता. हा लेख कॅल्क्युलस झालेल्या, पण अवकल समीकरणांचा सिद्धांत नुकताच हातात घेतलेल्या वाचकासाठी आहे. एकच समीकरण घेऊन आपण सगळ्या पायऱ्या चढू, कारण ही असमानता पाठ करणं सोपं असलं तरी तिने दिलेला आकडा वाचायचा कसा, हे उदाहरणाशिवाय कळत नाही.

## आधी प्रश्न नीट मांडू

समीकरण आहे x' = f(x). त्याच्या दोन उकली घ्या, x(t) आणि y(t). समीकरण दोघींचं एकच, फक्त सुरुवात वेगळी. त्यांच्यातलं अंतर d(t) = |x(t) − y(t)| असं लिहू. सुरुवातीचं अंतर d(0) म्हणजे आपली मोजमापातली चूक.

उकल आरंभमूल्यावर संततपणे अवलंबून आहे, याचा अर्थ असा: तुम्ही एक वेळ T ठरवा, आणि किती चूक चालेल तेही ठरवा. मग सुरुवातीचं अंतर पुरेसं लहान ठेवलं, तर 0 पासून T पर्यंत अंतर कधीच त्या मर्यादेबाहेर जाणार नाही.

इथे T आधी ठरतो, हे विसरू नका. नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. x' = x या समीकरणात दोन उकलींमधलं अंतर e^t च्या पटीने वाढत राहतं, म्हणजे पुरेसा वेळ थांबलात तर कितीही लहान चूक हवी तेवढी मोठी होते. तरीही हे समीकरण संतत अवलंबनाची अट व्यवस्थित पाळतं. ही अट ठरलेल्या मुदतीपुरतं वचन देते. मुदत अनंतापर्यंत ताणली की प्रश्नच बदलतो, त्याला स्थिरतेचा प्रश्न म्हणतात आणि त्याची हत्यारं वेगळी असतात.

फ्रेंच गणिती झाक आदामार याने १९०२ मध्ये चांगल्या मांडलेल्या समस्येसाठी आग्रह धरला तो यासाठीच: उकल असावी, एकच असावी, आणि दिलेल्या माहितीत किंचित बदल केला तर उत्तरातही किंचितच बदल व्हावा. तिसरी अट ग्रोनवॉल नुसती सिद्ध करून थांबत नाही. ‘किंचित’ म्हणजे किती, तेही सांगतो.

## आपलं उदाहरण

समीकरण घेऊ

x' = x(1 − x)

हे लॉजिस्टिक समीकरण. मर्यादित जागेत वाढणाऱ्या लोकसंख्येचं हे सर्वांत साधं प्रतिमान आहे. इथे x म्हणजे जास्तीत जास्त मावणाऱ्या संख्येचा भाग. x = 0 आणि x = 1 या दोन स्थिर उकली आहेत. 0 च्या थोडं वरून सुरुवात केली की उकल आधी घातांकी वेगाने वाढते, मग मंदावते आणि 1 च्या जवळ जाऊन सपाट होते.

आपण x(0) = 0.01 आणि y(0) = 0.011 घेऊ. सुरुवातीचं अंतर 0.001, म्हणजे मूळ किमतीच्या दहा टक्के. हे उदाहरण मुद्दाम निवडलं आहे, कारण याची नेमकी उकल लिहिता येते आणि असमानतेने दिलेला आकडा खऱ्या आकड्याशेजारी ठेवून बघता येतो. जिथे अशी उकल हाताशी नाही तिथेही पायऱ्या याच राहतात.

## पायरी १: समीकरण इंटिग्रलच्या रूपात लिहा

x' = f(x) चं 0 पासून t पर्यंत इंटिग्रल घेतलं की

x(t) = x(0) + ∫₀ᵗ f(x(s)) ds

तसंच y साठी. दोन्ही वजा करा आणि केवल मूल्य घ्या:

d(t) ≤ d(0) + ∫₀ᵗ |f(x(s)) − f(y(s))| ds

अजून फक्त अंतराचा हिशेब मांडला. आजचं अंतर जास्तीत जास्त किती, तर सुरुवातीचं अंतर अधिक वाटेत साठत गेलेला वेगांमधला फरक. पण उजवीकडे x आणि y अजून f च्या पोटात आहेत. त्यांना बाहेर काढून तिथे d आणायचा आहे.

## पायरी २: पट्टा ठरवा, मग L काढा

त्यासाठी लागते लिपशिट्झची अट: एखादा स्थिरांक L असा असावा, की

|f(x) − f(y)| ≤ L |x − y|

म्हणजे दोन बिंदू जेवढे जवळ, त्याच प्रमाणात तिथले वेगही जवळ. f चा अवकलज असेल तर मध्यमान प्रमेयामुळे L काढणं सोपं जातं: ज्या पट्ट्यात उकली फिरतात, त्या पट्ट्यावर |f'| ची जास्तीत जास्त किंमत म्हणजे L.

आपल्याकडे f'(x) = 1 − 2x. ही सरळ रेषा आहे, म्हणून सगळ्या x साठी चालणारा L मिळणारच नाही. कारण x मोठा करत गेलो की |f'| हवा तेवढा वाढतो. पण 0 ते 1 या पट्ट्यावर |1 − 2x| कधीही 1 च्या वर जात नाही, म्हणून तिथे L = 1. पट्टा 0 ते 2 धरला असता तर L = 3 झाला असता. हा फरक किरकोळ नाही. L घातांकात बसणार आहे, त्यामुळे t = 3 ला एकीकडे e³ म्हणजे सुमारे २०, आणि दुसरीकडे e⁹ म्हणजे ८,१०० च्या वर. पट्टा गरजेपेक्षा रुंद घेतल्याची किंमत अशी मोजावी लागते.

मग 0 ते 1 पुरेसा आहे हे कशावरून? कारण 0 आणि 1 या स्वतःच उकली आहेत, आणि या समीकरणाच्या दोन वेगळ्या उकली एकमेकींना छेदू शकत नाहीत. मधे सुरू झालेली उकल मधेच राहते. छेदू शकत नाहीत हे तरी कशावरून, असं विचारलंत तर उत्तर पुढच्या पायरीत आपोआप मिळेल. ‘उकल या पट्ट्याबाहेर जात नाही’ हे वाक्य सिद्ध न करता L लिहून टाकणं ही वह्यांमध्ये सर्रास दिसणारी उणीव आहे. ते वाक्य आधी लिहायची सवय लावा.

## पायरी ३: असमानता

आता आपल्या हातात आहे

d(t) ≤ d(0) + L ∫₀ᵗ d(s) ds

दोन्हीकडे d असलेली ही असमानता. ग्रोनवॉल सांगतो की यावरून

d(t) ≤ d(0) e^(Lt)

थॉमस हाकोन ग्रोनवॉल हा मूळचा स्वीडनचा, पुढे अमेरिकेत काम केलेला गणिती. त्याने १९१९ मध्ये, समीकरणातला एखादा प्राचल बदलला की उकल कशी बदलते हे तपासताना, अशा प्रकारचा अंदाज मांडला. आज आपण वापरतो ते इंटिग्रलचं रूप रिचर्ड बेलमनने १९४३ मध्ये दिलं, म्हणून पुष्कळ ठिकाणी दोघांचीही नावं जोडून येतात.

सिद्धता चार ओळींची आहे आणि ती स्वतःच्या हाताने एकदा लिहावीच. पहिला मोह होतो तो दोन्ही बाजूंचा अवकलज घेऊन d' ≤ L d असं लिहिण्याचा. ते चालत नाही. एक फलन दुसऱ्यापेक्षा लहान असलं म्हणून त्याचा अवकलजही लहान असतो असं नाही. खाली असलेला आलेखसुद्धा एखाद्या ठिकाणी जास्त चढा असू शकतो. म्हणून युक्ती करायची ती अशी, की उजव्या बाजूलाच नाव द्यायचं:

R(t) = d(0) + L ∫₀ᵗ d(s) ds

ही असमानता नसून व्याख्या आहे, तेव्हा हिचा अवकलज बिनधास्त घ्या: R'(t) = L d(t). आणि d(t) ≤ R(t) हे आपल्याला माहीत आहे. म्हणून R' ≤ L R. आता R(t) e^(−Lt) चा अवकलज काढा. तो (R' − LR) e^(−Lt) येतो, म्हणजे शून्य किंवा ऋण. याचा अर्थ R e^(−Lt) कधी वाढत नाही, आणि म्हणून ते आपल्या सुरुवातीच्या किमतीच्या, म्हणजे d(0) च्या, वर जात नाही. शेवटी d ≤ R ≤ d(0) e^(Lt).

या सिद्धतेत एक जागा अशी आहे जिथे पाय घसरतो. R' = L d पासून R' ≤ L R वर उडी मारताना आपण d ≤ R ला L ने गुणलं. L ऋण असता तर चिन्ह उलटलं असतं. म्हणून इंटिग्रलच्या रूपात L ऋण चालत नाही, आणि हा नुसता सिद्धतेचा अडसर नाही, विधानच खोटं पडतं. समजा u(t) ≤ 1 − ∫₀ᵗ u(s) ds एवढंच माहीत आहे. L च्या जागी −1 टाकून कुणी u(t) ≤ e^(−t) असा निष्कर्ष काढेल. पण u ला सुरुवातीचा एक एकक वेळ −5 वर ठेवा. तोपर्यंत उजवी बाजू 6 पर्यंत चढते. त्यानंतर u ला झटकन 3 वर नेलं तरी दिलेली अट मोडत नाही, आणि 3 हा आकडा e^(−t) च्या कितीतरी वर आहे. L ऋण घेण्याची परवानगी d' ≤ L d या अवकलजाच्या रूपात मात्र आहे. ते पुढे कामाला येईल.

आणि मघाचा प्रश्न: d(0) = 0 घाला. मग d(t) ≤ 0, म्हणजे d(t) = 0. एकाच बिंदूवरून निघालेल्या दोन उकली वेगळ्या असूच शकत नाहीत. एका वेळेला दोन उकली भेटल्या, तर तिथून घड्याळ पुढे आणि मागे दोन्हीकडे चालवून त्या कायम एकच होत्या असं निघतं. एकमेव उकलीचं प्रमेय आणि संतत अवलंबन या एकाच असमानतेच्या दोन वाचनांतून निघतात. मला या विषयात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे.

## पायरी ४: आकडा वाचा, पण वेळेच्या भाषेत

आपल्या उदाहरणात L = 1 आणि d(0) = 0.001, म्हणून d(t) ≤ 0.001 · e^t.

हे सूत्र उलटं फिरवून वाचलं की जास्त उपयोगी पडतं. समजा आपल्याला ०.०५ पर्यंतची चूक चालते. तर किती वेळेपर्यंत निर्धास्त राहता येईल? 0.001 · e^t ≤ 0.05 सोडवा: t ≤ ln 50, म्हणजे सुमारे ३.९. आता मोजमाप दहापट अचूक करा, d(0) = 0.0001. मग t ≤ ln 500, सुमारे ६.२. सगळी मेहनत करून मोजमापात एक दशांश स्थळ वाढवलं आणि पदरात पडला २.३ एवढाच जादा वेळ. पुढचं दशांश स्थळ मिळवलं तरी पुन्हा २.३ च. सर्वसाधारणपणे प्रत्येक जादा दशांश स्थळामागे ln 10 / L एवढी मुदत वाढते. L मोठा असलेल्या समीकरणात लांबचा अंदाज अचूक मोजमापाच्या जोरावर विकत घेणं इतकं महाग का पडतं, ते या एका भागाकारात दिसतं.

## पायरी ५: खऱ्या उत्तराशी पडताळा

लॉजिस्टिक समीकरणाची उकल, सुरुवात c असेल तर,

x(t) = c e^t / (1 − c + c e^t)

ही वापरून खरं अंतर आणि असमानतेने दिलेली मर्यादा शेजारी शेजारी छापू:

```python
from math import exp
a, b = 0.01, 0.011
def x(c, t):
    return c*exp(t) / (1 - c + c*exp(t))
for t in (1, 3, 5, 10):
    print(t, x(b, t) - x(a, t), (b - a)*exp(t))
```

t = 1 ला खरं अंतर ०.००२६२ आणि मर्यादा ०.००२७२. जवळजवळ एकच. t = 3 ला खरं अंतर ०.०१३९, मर्यादा ०.०२०१, अजूनही ठीक. t = 5 ला खरं ०.०२२९ आणि मर्यादा ०.१४८, म्हणजे सहापटीहून अधिक. आणि t = 10 ला खरं अंतर ०.०००४१, सुरुवातीपेक्षाही कमी, तर मर्यादा सांगते २२. दोन्ही उकली 0 आणि 1 च्या मधे बसलेल्या असताना त्यांच्यात जास्तीत जास्त २२ चं अंतर असेल, हे विधान खरं आहे, पण त्याचा उपयोग शून्य.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मर्यादा चुकली नाही. ती कुठेही खऱ्या अंतराच्या खाली गेलेली नाही आणि जाणारही नाही. चुकतं ते तिला भाकीत समजून वाचणं. ‘ग्रोनवॉलनुसार अंतर e^t ने वाढतं’ असं वाक्य लिहिलंत तर ते चूक आहे. ‘e^t पेक्षा जास्त वेगाने वाढत नाही’ हे बरोबर. तसंच ३.९ नंतर मर्यादा ०.०५ ओलांडते याचा अर्थ आपली चूक ०.०५ च्या बाहेर गेली असा होत नाही. आपल्या उदाहरणात ती कधीच जात नाही. खरं अंतर t ≈ 4.55 ला सर्वाधिक होतं, ०.०२४१, आणि तिथून उतरू लागतं.

आणि तरीही, फक्त L एवढीच माहिती हातात असेल तर e^(Lt) पेक्षा चांगली मर्यादा देता येत नाही. x' = x मध्ये L = 1 आहे आणि अंतर बरोबर e^t च्या पटीने वाढतं. x' = −x मध्येही L = 1 च आहे, पण तिथे उकली e^(−t) ने जवळ येतात. लिपशिट्झच्या अटीला हे दोन प्रसंग वेगळे ओळखता येत नाहीत, कारण केवल मूल्य घेताना आपण चिन्ह पुसून टाकलं.

## पायरी ६: चिन्ह परत आणा

म्हणून मर्यादा घट्ट करायची असेल तर पायरी १ कडे परत जायचं आणि केवल मूल्य घेण्याची घाई टाळायची. D = y − x घेऊ, जिथे y वरची उकल आहे. त्या छेदत नाहीत, म्हणून D कायम धन. वजाबाकी करून अवयव पाडा:

D' = y(1 − y) − x(1 − x) = (1 − x − y) D

कंसात दिसतोय तो खरा वाढीचा दर. x + y जोपर्यंत 1 पेक्षा कमी आहे तोपर्यंत उकली दुरावतात, त्यानंतर जवळ येऊ लागतात. मघाशी L = 1 घेतला तेव्हा आपण हा दर कायम 1 धरला होता, म्हणजे सगळ्यात वाईट क्षण संपूर्ण प्रवासभर लावला होता.

दर तुकड्या-तुकड्यांनी घेऊ. दोन्ही उकली वाढत्या आहेत, त्यामुळे x + y कधीच ०.०२१ च्या खाली नाही आणि दर ०.९७९ च्या वर नाही. खालची उकल अर्ध्यावर पोहोचते t = ln 99 ला, म्हणजे सुमारे ४.६ ला. तोपर्यंतची वाढ जास्तीत जास्त e^(0.979 × 4.595), जवळपास ९० पट. म्हणजे D ≤ 0.09. त्यानंतर दोन्ही उकली अर्ध्याच्या वर आहेत, दर शून्य किंवा ऋण आहे, आणि D आता वाढूच शकत नाही. म्हणजे सगळ्या वेळेसाठी D ≤ 0.09. मघाच्या २२ च्या जागी हा आकडा आला, आणि त्यासाठी नवं प्रमेय लागलं नाही.

आणखी पुढे जायचं तर जाता येतं. खालची उकल ०.९ ला पोहोचते t = ln 891 ≈ 6.79 ला. तिथून पुढे x + y किमान १.८, म्हणून दर −0.8 किंवा त्याहून कमी. उरलेल्या ३.२१ वेळात D किमान e^(−0.8 × 3.21) पटीने, म्हणजे १३ व्या भागापर्यंत आकसतो, आणि t = 10 ला मर्यादा येते सुमारे ०.००७. खरं अंतर ०.०००४१ आहे. तुकडे आणखी बारीक केलेत तर मर्यादा त्याच्या आणखी जवळ सरकते. इथे आपण D' ≤ k D हे अवकलजाचं रूप वापरलं आणि k ऋण घेतला. R ची युक्ती लागली नाही, कारण D' थेट हातात होता.

या चिन्ह सांभाळणाऱ्या अटीला एकतर्फी लिपशिट्झ अट म्हणतात. x आणि y सदिश असतील तर (x − y) · (f(x) − f(y)) ≤ k |x − y|² अशी ती लिहितात, आणि |x − y|² चा अवकलज घेऊन तोच हिशेब चालतो. घर्षण किंवा ऱ्हास असलेल्या प्रणालींमध्ये सुरुवातच या अटीने करावी असं माझं मत आहे. साधा L तिथे इतका ढिला पडतो की आलेला आकडा कुणाला दाखवण्यात अर्थ नसतो.

## समीकरणच थोडं चुकीचं असेल तर

प्रत्यक्षात सुरुवातीच्या किमतीइतकीच समीकरणातल्या स्थिरांकांचीही खात्री नसते. x साठी x' = f(x) आणि y साठी y' = g(y), आणि पट्ट्यावर सगळीकडे |f − g| ≤ ε असेल, तर f(x) − g(y) चे दोन भाग करा: f(x) − f(y) आणि f(y) − g(y). पहिल्यावर लिपशिट्झ, दुसऱ्यावर ε. R' ≤ L R + ε मिळतं आणि मघाच्याच रीतीने

d(t) ≤ d(0) e^(Lt) + (ε / L)(e^(Lt) − 1)

समजा सुरुवात दोघांची ०.०१ च आहे, पण वाढीचा खरा दर 1 नसून 1.02 आहे. f आणि g मधला फरक 0.02 · x(1 − x), आणि x(1 − x) जास्तीत जास्त ०.२५, म्हणून ε = 0.005. t = 3 ला मर्यादा 0.005 × 19.09, म्हणजे ०.०९५. नेमक्या उकली वजा केल्या तर फरक येतो ०.००८६. अकरापट ढिलाई कुठून आली ते शोधणं सोपं आहे: ०.२५ ही किंमत x अर्ध्यावर असतानाची, आणि आपल्या उकली t = 3 पर्यंत ०.१८ च्या पुढेही गेलेल्या नाहीत. औषधही तेच, पट्टा त्या मुदतीपुरता अरुंद घ्या.

## जिथे हे सगळं कोसळतं

दोन प्रसंग ओळखता आले पाहिजेत. पहिल्यात L आहे, पण पट्टा टिकत नाही. x' = x² मध्ये 1 वरून निघालेली उकल 1/(1 − t) आहे आणि t = 1 ला अनंताला जाते. 1.01 वरून निघालेली त्याआधीच, t ≈ 0.990 ला जाते. t = 0.9 ला त्या १० आणि ११.१ वर असतात, ०.०१ चं अंतर एव्हाना १.१ झालेलं असतं. t = 0.995 ला पहिली २०० वर आहे आणि दुसरी अस्तित्वातच नाही. तिथे अंतर विचारण्यालाच अर्थ नाही. दोन्ही उकली जोपर्यंत जिवंत आहेत तोपर्यंतच्या T साठीच ग्रोनवॉल बोलतो. f हा x च्या पहिल्या घातापेक्षा वेगाने वाढत असेल, तर आधी ही शंका घ्या.

दुसरा प्रसंग अधिक खोल आहे, तिथे L च मिळत नाही. घ्या x' = 2√x, x ≥ 0. अवकलज 1/√x, शून्याजवळ अमर्याद. x(0) = 0 वरून x = 0 ही उकल आहे, आणि x = t² हीसुद्धा; घालून बघा, दोन्ही बसतात. आता सुरुवात शून्याऐवजी ε या धन आकड्यावरून करा. उकल एकच आहे: (t + √ε)². ε दहा लाखांश घेतला तर t = 1 ला किंमत येते १.००२. ε आणखी दहा लाखपट लहान केला तर १.०००००२. सुरुवात शून्याकडे कितीही सरकवली तरी उत्तर 1 च्या वरच राहतं, आणि x = 0 या उकलीपासूनचं अंतर 1 च्या खाली येत नाही. मुदत ठरलेली आहे, सुरुवातीची चूक हवी तेवढी लहान आहे, तरी उत्तरातली चूक लहान होत नाही. संतत अवलंबन मोडलं ते असं.

अशी जागा आधीच हेरायची असेल तर f' कुठे अमर्याद होतो ते पाहा, आणि उकल त्या बिंदूला खरोखर स्पर्श करते का तेही पाहा. उकल ०.५ च्या वरच राहणार असेल तर याच समीकरणात L = 1/√0.5, म्हणजे सुमारे १.४१ घेऊन सगळ्या पायऱ्या नेहमीसारख्या चालतात. संगणकावर सोडवताना हा दोष दिसतो तो वेगळ्या रूपात: 0 वरून सुरू केलं तर उत्तर कायम 0 वर बसून राहतं, आणि 10^(−12) वरून सुरू केलं तर t² च्या वाटेने उठतं. पायरी कितीही बारीक केली तरी ही दोन उत्तरं एकमेकांकडे सरकत नसतील, तर दोष गणनपद्धतीत शोधू नका. तो f च्या अवकलजात शोधा.